बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागते, सोसायटी प्रोबेट मागते: वारसांनी न्यायालयात नेमके कशासाठी जावे?

प्रश्न: माझे वडील गेल्या वर्षी पुण्यात वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे आई, मी, नाशिकला दिलेली बहीण आणि साताऱ्याला काकांकडे राहणारी 84 वर्षांची आजी (वडिलांची आई) आहे. वडिलांच्या एकट्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत 22 लाखांच्या मुदत ठेवी आहेत, त्यांना नॉमिनी नाही. डीमॅट खात्यात साधारण 9 लाखांचे शेअर आहेत, तिथेही नॉमिनी नाही. कोथरूडच्या फ्लॅटला सोसायटीत आईचे नामनिर्देशन आहे. वाईजवळ त्यांनी स्वतः घेतलेली थोडी शेतजमीन आहे. बँक म्हणते सक्सेशन सर्टिफिकेट आणा, सोसायटीचे सचिव म्हणतात प्रोबेट आणा, तलाठी कार्यालयात सांगतात वारस नोंद करा. आमच्यात वाद काहीच नाही. मग कोर्टात कशासाठी जायचे आणि कशासाठी नाही?

उत्तर:

आपल्या चार मालमत्तांपैकी फक्त बँकेतील ठेवींसाठी आपल्याला न्यायालयात जावे लागण्याची शक्यता आहे. शेअर, फ्लॅट आणि जमीन ही तिन्ही कामे, सर्व वारसांच्या सह्या मिळत असतील तर, न्यायालयाविना होतात. प्रोबेटचा तर येथे प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रोबेट ही मृत्युपत्राची न्यायालयीन शाबिती आहे आणि मृत्युपत्रच नसेल तर शाबीत करायला काही उरत नाही. सचिवांनी मागितलेला कागद देशातील कोणतेही न्यायालय आपल्याला देऊ शकणार नाही. पुणे जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयांत गेली सत्तावीस वर्षे ही प्रकरणे चालवताना हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की, तो मुळातून उलगडून सांगणे मला गरजेचे वाटते.

सक्सेशन सर्टिफिकेट आणि प्रोबेट हे दोन्ही आदेश भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खाली दिले जातात, पण त्यांची कामे निराळी आहेत. मृत व्यक्तीचे पैसे किंवा रोखे ज्याच्या ताब्यात आहेत, त्या बँकेला किंवा कंपनीला एकच भीती असते: आज या माणसाला पैसे दिले आणि उद्या दुसरा वारस दारात उभा राहिला तर पुन्हा द्यावे लागतील. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, ही भीती दूर करते. प्रमाणपत्रधारकाला सद्‌भावनेने पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, असे अधिनियमाचे कलम 381 सांगते. पैशांचा अंतिम मालक कोण, याचा निवाडा त्यात होत नाही. प्रमाणपत्र ज्याच्या नावे असते तो सर्व वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो आणि ज्याचा त्याचा हिस्सा त्याला द्यायला बांधील असतो. प्रोबेटचे न्यायालय वेगळा प्रश्न विचारते: हा कागद खरोखर मृत व्यक्तीचे शेवटचे मृत्युपत्र आहे का, आणि ते शुद्धीत, स्वेच्छेने व दोन साक्षीदारांसमक्ष केले होते का? त्याचे उत्तर मिळाल्यावर मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी कोणाला पुन्हा तोंड उघडता येत नाही. मात्र मृत्युपत्रात लिहिलेला फ्लॅट मुळात मृत व्यक्तीच्या मालकीचा होता की नव्हता, हे प्रोबेटचे न्यायालयही ठरवत नाही.

या भेदातून एक मर्यादा निघते आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी मिळते: बँकेतील ठेवी, शेअर, कर्जरोखे, म्युच्युअल फंडाची युनिटे, नोकरीच्या ठिकाणाहून येणे असलेली थकबाकी. घर आणि जमीन त्यात बसत नाही. वकिलाने अर्जात फ्लॅट घातलाच तर न्यायालय तो भाग वगळते किंवा हरकत काढून अर्ज परत करते, आणि त्यात दोन-तीन महिने जातात.

आता ठेवींकडे वळू. मृत खातेदारांच्या दाव्यांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढले. नॉमिनी असेल किंवा संयुक्त खात्यात हयात खातेदाराला रक्कम देण्याची अट असेल, तर रक्कम कितीही मोठी असली तरी बँकेने न्यायालयाचा कागद मागायचा नाही. नॉमिनी नसेल तर व्यापारी बँकांसाठी 15 लाख आणि सहकारी बँकांसाठी 5 लाख रुपयांपर्यंतचा दावा हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत आणि वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र किंवा दाखला यांवर निकाली काढायचा आहे. बँकेला स्वतःची मर्यादा याहून जास्त ठेवता येते. त्यामुळे शाखेत पहिला प्रश्न हाच विचारावा की, नॉमिनी नसलेल्या दाव्यासाठी आपल्या बँकेची मर्यादा किती आहे. आपली रक्कम व्याज धरून 22 लाखांच्या वर जाते. मर्यादेपलीकडे बँक उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला मागू शकते, आणि अशा रकमेला बँकांचे विधी विभाग बहुतेक वेळा न्यायालयाच्या प्रमाणपत्रावरच अडून बसतात. आपली बँक तेच सांगते आहे आणि तिची मागणी नियमबाह्य नाही.

अर्ज मृत व्यक्ती मृत्युसमयी सामान्यतः जेथे राहत होती तेथील न्यायालयात करायचा असतो, म्हणजे आपल्या बाबतीत पुण्यात. अधिनियमात जिल्हा न्यायाधीश असा उल्लेख आहे, पण महाराष्ट्रात हे अधिकार वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडेही दिलेले असल्याने हे अर्ज प्रत्यक्षात तेथेच चालतात. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व जवळच्या वारसांची नावे व पत्ते, आपला हक्क कोणत्या नात्याने येतो ते, आणि येण्यांचे परिशिष्ट द्यावे लागते. अर्जासोबत न्यायालय शुल्काची रक्कम जमा करावी लागते. ती परिशिष्टातील एकूण रकमेवर टप्प्याटप्प्याने आकारली जाते. त्यानंतर इतर वारसांना नोटिसा निघतात, न्यायालयाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते, हरकतीसाठी मुदत जाते आणि कोणी आले नाही तर अर्जदाराचे शपथपत्र व कागद पाहून आदेश होतो. वाद नसलेल्या प्रकरणाला माझ्या अनुभवात सहा ते आठ महिने लागतात. नोटीस न बजावता परत आली, पत्ता चुकला किंवा न्यायाधीशांची बदली झाली तर वर्ष उलटते.

आपल्या प्रकरणातील सर्वांत नाजूक गोष्ट मात्र शुल्क किंवा मुदत नसून आपली आजी आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याइतकाच हिस्सा तिला मिळतो. मृताचे वडील मात्र त्या वर्गात नाहीत. घरोघरी समज असा असतो की, बायको-मुले असताना आईचा संबंध उरत नाही, आणि त्यामुळे अर्जात आईचे नावच येत नाही. आपल्या 22 लाखांत आई, आपण, बहीण आणि आजी असे चार समान हिस्से होतात, म्हणजे प्रत्येकी साडेपाच लाख. आजीला काही नको असेल तरी ती वारस आहे हे अर्जात लिहिलेच पाहिजे आणि तिची संमती तिच्याकडूनच आली पाहिजे. वारस लपवून मिळवलेले प्रमाणपत्र कलम 383 खाली रद्द होऊ शकते, आणि तोवर पैसे वाटून झालेले असतील तर घरातील माणसे एकमेकांविरुद्ध वसुलीचे दावे लावतात.

आजीचे वय लक्षात घेता मी आणखी एक शक्यता स्पष्ट मांडतो, कारण अशा एका प्रकरणात कुटुंबाची दोन वर्षे गेलेली मी जवळून पाहिली आहेत. अर्ज प्रलंबित असताना आजी वारली तर तिचा साडेपाच लाखांचा हिस्सा आपोआप उरलेल्या तिघांत वाटला जात नाही. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच तो तिचा झालेला असतो आणि आता तो तिच्या वारसांकडे जातो. आजोबा हयात नाहीत आणि आजीला काका व आपले वडील अशी दोनच अपत्ये होती असे धरले, तर तिच्या हिश्शाचा अर्धा, म्हणजे 2 लाख 75 हजार, काकांकडे जातो. उरलेला अर्धा आधी वारलेल्या मुलाच्या मुलांकडे, म्हणजे आपण आणि बहीण यांच्याकडे, प्रत्येकी 1 लाख 37 हजार 500 असा येतो. आपल्या आईला त्यातून काही मिळत नाही, कारण आजीच्या वारसांत सून येत नाही. म्हणजे जे काका आज या प्रकरणात कुठेच नाहीत, त्यांची सही उद्या प्रत्येक कागदावर लागेल. म्हणून अर्ज दाखल करताना सर्वांत आधी साताऱ्याला जाऊन आजीशी बोला. तिला तिचा हिस्सा किती होतो हे आकड्यात सांगा, ती घ्यायचा म्हणाली तर तिच्या नावाने खाते उघडा, आणि सोडायचा म्हणाली तर तिचे संमतीचे शपथपत्र लगेच करून घ्या. अंगठा असेल तर मजकूर तिला मराठीत वाचून दाखवल्याची नोंद त्यावर असावी. काका तेव्हा सोबत असलेले बरे, कारण पुढे आजीला फसवून सही घेतल्याची तक्रार झालीच तर ती त्यांच्याच घरातून होईल.

दुसरी काळजी परिशिष्टाची. प्रमाणपत्र परिशिष्टापुरतेच चालते, आणि त्यात जे लिहिलेले नाही ते बँक देत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला नऊ महिन्यांनी प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन मोठा मुलगा शाखेत गेला. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रातील ठेवीचे क्रमांक एकेक करून संगणकावर तपासले आणि पाचपैकी तीन ठेवी या क्रमांकाने अस्तित्वातच नाहीत असे सांगितले. झाले असे होते की, अर्ज प्रलंबित असताना त्या ठेवींची मुदत संपली, बँकेने त्यांचे आपोआप नूतनीकरण केले आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. पैसे तेच, शाखा तीच, माणूसही तोच. पण बँकेचा विधी विभाग ते ऐकेना. शेवटी जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ दाखवणारे पत्र बँकेकडून मिळवून न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज करावा लागला आणि आणखी तीन महिने गेले. तेव्हापासून मी अर्जाआधी शाखेकडून शिक्क्यानिशी शिल्लक दाखला घेतो. त्यात मूळ पावती क्रमांक, ग्राहक क्रमांक, मुद्दल, दाखल्याच्या तारखेपर्यंतचे व्याज आणि मुदत संपण्याची तारीख असते. परिशिष्टातही प्रत्येक ठेवीपुढे ग्राहक क्रमांक लिहून ‘या ठेवी, त्यांचे नूतनीकरण होऊन बनलेल्या ठेवी आणि त्यांवरील प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंतचे व्याज’ असे शब्द घालतो. आपल्या वकिलांना हे शब्द घालायला जरूर सांगा.

त्याच कागदात आणखी एक शब्द महत्त्वाचा असतो. रोख्यांच्या बाबतीत न्यायालय प्रमाणपत्रधारकाला केवळ व्याज किंवा लाभांश घेण्याचा अधिकार देऊ शकते, केवळ ते विकण्या-हस्तांतरित करण्याचा देऊ शकते, किंवा दोन्ही देऊ शकते. अर्जाच्या विनंतीत दोन्ही मागितले नाहीत तर छापील नमुन्यात एकच अधिकार भरून येतो, आणि मग लाभांश मिळतो पण शेअर नावावर होत नाहीत. नंतर एखादी विसरलेली ठेव सापडली तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. कलम 376 खाली त्याच प्रमाणपत्राचा विस्तार करून घेता येतो, त्यासाठी पहिल्यापासून नवा अर्ज लागत नाही. तरीही वडिलांच्या पासबुकांवरील आणि प्राप्तिकर विवरणपत्रातील व्याजाच्या नोंदी अर्जाआधी एकदा तपासून घ्या. कुठल्या बँकेत काय आहे ते त्यातूनच कळते.

शेअर या अर्जात घालावेत का, असा प्रश्न आपल्यापुढे येईल. सेबीने 2022 मध्ये कागदपत्रे सोपी केली तेव्हा नॉमिनी नसलेल्या डीमॅट खात्यासाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे मूल्य न्यायालयीन प्रमाणपत्राविना हस्तांतरित करण्याची मुभा ठेवली. वारसांचे शपथपत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत एवढ्यावर ते होते. आपले 9 लाख या मर्यादेत बसतात. चौघेही सही करणार असतील तर शेअर अर्जाबाहेर ठेवा, असे मी सांगेन. कारण ते घातल्याने शुल्क वाढते आणि शेअरही तेवढे महिने अडकून पडतात. पण आजीची सही मिळवणे कठीण दिसत असेल, किंवा कोणी मनातून नाराज असेल, तर ते आत घातलेले चांगले. मूल्य अर्जाच्या दिवशीचे पाहिले जाते, म्हणून बाजार चढता असेल तर हा कागद लांबवू नका.

फ्लॅटविषयी सोसायटीला कायद्याचा आधार दाखवता येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये घातलेल्या कलम 154ब-13 प्रमाणे मृत सदस्याचा हक्क मृत्युपत्राच्या आधारे, उत्तराधिकार प्रमाणपत्रावर, वारस दाखल्यावर, वारसांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या लेखावर किंवा नामनिर्देशनाच्या आधारे हस्तांतरित करता येतो. त्यात प्रोबेटची सक्ती नाही. मात्र नॉमिनी म्हणून आपल्या आईला तात्पुरते सदस्यत्व मिळते, मालकी नाही. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने विम्याविषयी डिसेंबर 1983 मध्ये आणि शेअरविषयी डिसेंबर 2023 मध्ये सांगितली आहे. त्यामुळे आईला एकटीच्या नावावर फ्लॅट हवा असेल तर आपण, बहीण आणि आजी यांनी तिच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ना-हरकत लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद यासाठी चालत नाही. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. उद्या आई फ्लॅट विकायला निघाली की खरेदीदाराला कर्ज देणारी बँक नेमका हाच दस्त मागते आणि तोवर आजी हयात असेलच असे नाही.

जमिनीसाठी तलाठ्यांनी सांगितले ते बरोबर आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी खबर द्यायची असते. उशीर झाला असला तरी नोंद होते, म्हणून थांबू नका. ई-हक्क प्रणालीतून किंवा प्रत्यक्ष अर्ज द्या, मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे शपथपत्र आणि सातबारा जोडा. फेरफार नोंदीवर हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. येथेही आजीचे नाव लागलेच पाहिजे. तिला जमीन नको असेल तर आधी नाव लावून मग हक्कसोडपत्र करावे. जमीन वडिलोपार्जित असती तर हिश्शांचे गणित वेगळे झाले असते, पण आपण लिहिता की ती वडिलांनी स्वतः घेतली, म्हणून चार समान हिस्से. वारसांविषयीच वाद असता, किंवा एखाद्या कार्यालयाने स्थावर मालमत्तेसाठी न्यायालयाचा वारस दाखला मागितला असता, तर 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिवाणी न्यायालयातून तो मिळवता येतो. दोनशे वर्षे होत आली तरी हा विनियम महाराष्ट्रात रोज वापरात आहे. लोक त्यालाही आणि सक्सेशन सर्टिफिकेटलाही ‘वारस दाखला’च म्हणतात, म्हणून वकिलाकडे जाताना कागद कोणत्या मालमत्तेसाठी हवा ते आधी सांगावे. गोव्यातील मालमत्ता असेल तर मात्र हे सर्व जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे, विशेष नोटरीसमोर वारसांचा लेख होतो, आणि पती-पत्नीच्या सामायिक संपत्तीतील अर्धा भाग हयात जोडीदाराचा धरूनच पुढचा हिशेब होतो.

आता प्रोबेटविषयी, कारण सचिवांची मागणी अगदी हवेतून आलेली नाही. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 213 मध्ये असे होते की, मुंबई आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात आणि जुन्या बंगाल प्रांतात हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने केलेल्या, अथवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या मृत्युपत्राचा हक्क प्रोबेटशिवाय न्यायालयात सांगता येत नाही. पारशांनाही या शहरांपुरते बंधन होते. मुस्लिमांना ते कधीच नव्हते आणि ख्रिस्ती समाजाला 2002 मध्ये त्यातून वगळले. म्हणजे पुण्यात केलेल्या आणि पुण्यातील फ्लॅटविषयीच्या हिंदू मृत्युपत्राला तेव्हाही प्रोबेट सक्तीचे नव्हते. बृहन्मुंबईतील फ्लॅटला होते. मुंबईच्या सोसायट्यांची सवय राज्यभर पसरली आणि मृत्युपत्र असो वा नसो, ‘प्रोबेट आणा’ हे वाक्य रूढ झाले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने निरसन व सुधारणा अधिनियमाद्वारे हे कलम 213 च वगळले. त्यामुळे आता मुंबईतही मृत्युपत्रासाठी प्रोबेट कायद्याने सक्तीचे राहिलेले नाही. जुने मार्गदर्शक लेख आणि सोसायट्यांच्या कार्यालयांतील नमुने मात्र अजून पूर्वीचेच आहेत.

सक्ती गेली म्हणून प्रोबेट निरुपयोगी झाले, असे मी माझ्या पक्षकारांना सांगत नाही. मृत्युपत्रात एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळले असेल, मृत्युपत्र वृद्धापकाळात किंवा आजारपणात केले असेल, किंवा दोनपैकी एक साक्षीदार वारला असून दुसरा थकला असेल, तेव्हा मी प्रोबेटच घ्यायला सांगतो. मृत्युपत्र शाबीत करायचे तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात बोलवावे लागते. आज ऐंशी वर्षांचा शेजारी साक्षीदार येऊन ‘माझ्यासमोर त्यांनी सही केली आणि मी त्यांच्यासमोर केली’ असे सांगू शकतो. पाच वर्षांनी वाद निघाला तर तो कदाचित नसेल. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणी झाली म्हणून ते शाबीत झाले असेही होत नाही. प्रोबेट मात्र मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच, म्हणजे त्याची अंमलबजावणी सोपवलेल्या व्यक्तीलाच, मिळते. कोणाला नेमलेच नसेल तर लाभार्थीने मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेच्या व्यवस्थेची अधिकारपत्रे, मागायची असतात. वाद नसेल आणि मालमत्ता ठेवी-शेअरपुरतीच असेल, तर मृत्युपत्राच्या आधारेही सक्सेशन सर्टिफिकेट घेता येते. ते स्वस्त नसले तरी कमी गुंतागुंतीचे आहे. पण एका मर्यादेची जाणीव असू द्या: सक्सेशन सर्टिफिकेटच्या सुनावणीत मृत्युपत्राविषयी निघालेला निष्कर्ष पुढच्या दिवाणी दाव्यात कोणाला बांधत नाही. वगळलेला वारस नंतर वेगळा दावा लावू शकतो आणि तेथे सर्व काही पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. प्रोबेटनंतर तसे होत नाही.

सोसायटीला आपण तोंडी समजावू नका. आईच्या सहीचे एक पत्र द्या. त्यात मृत्यूची तारीख, मृत्युपत्र केलेले नसल्याचे विधान, सर्व चार वारसांची नावे, आईच्या नामनिर्देशनाची तारीख आणि कलम 154ब-13 प्रमाणे तिला तात्पुरते सदस्य करून घेण्याची विनंती लिहा. मृत्यूचा दाखला आणि मूळ भागपत्राची प्रत जोडा. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. त्यानंतरही प्रोबेटच हवे असे सांगितले गेले, तर नकार लेखी मागा आणि तो घेऊन उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. लेखी नकार मागितल्यावर बहुतेक सोसायट्या कायदा वाचून पाहतात.